किलोवॅट सारखे, अँपिअर वेगळे: पॅरलल डीजी सेटमधला एव्हीआर आणि ड्रूपचा घोळ

फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं बहुतेक वेळा मला माहीत असतं. "दोन्ही सेटवर लोड सारखाच आहे हो, पण एक नंबर जास्त अँपिअर घेतोय." हीच तक्रार कारखान्यातून येते, हॉस्पिटलमधून येते, मोठ्या सोसायटीतून येते. सेट कुठल्याही कंपनीचे असोत, दोन डिझेल जनरेटर एका बसवर पॅरलल चालत असले आणि अल्टरनेटर ब्रशलेस असले, तर कारणं तीच ती असतात. म्हणून एकदा क्रमाने लिहून ठेवतो. उदाहरणासाठी दोन सारखे सेट धरू, प्रत्येकी ५०० केव्हीए, ४१५ व्होल्ट, ०.८ पॉवर फॅक्टर. म्हणजे एका सेटची पूर्ण क्षमता ४०० किलोवॅट, ३०० केव्हीएआर आणि साधारण ६९६ अँपिअर. केव्हीएआर म्हणजे प्रत्यक्ष काम न करणारी, पण करंट वाढवणारी रिअॅक्टिव्ह पॉवर.

आधी लक्षणं नीट बघा

दोन्ही सेटचे किलोवॅट जवळपास सारखे, पण अँपिअरमध्ये मोठा फरक, हे मुख्य लक्षण. एका सेटचा पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास पडलेला असतो, दुसऱ्याचा ०.९९ किंवा चक्क लीडिंग. दोन अँमीटरची बेरीज बाहेर जाणाऱ्या फीडरच्या करंटपेक्षा जास्त भरते. कधी कधी लोड काहीच नसताना, नुसते सेट सिंक्रोनाइझ करून ठेवले तरी दोन्ही अँमीटर शे-दोनशे अँपिअर दाखवतात, आणि ऑपरेटर विचारतो की हा करंट जातो कुठे. तो एका सेटमधून निघून दुसऱ्या सेटमध्ये जातो, तिथून परत येतो. काम काही करत नाही, तांबं तापवतो.

पण फरक आहे एवढंच पाहून थांबू नका, तो फरक कसा वागतो ते बघा. निम्म्याहून जास्त निदान तिथेच होतं. ड्रूप म्हणजे काय ते पुढे येतंच.

- फरक ठरावीक आहे, लोड वाढला-घटला तरी जवळपास तेवढाच राहतो: सेटिंग जुळलेलं नाही.
- सिंक्रोनाइझ केल्याबरोबर फरक वाढतच जातो आणि काही सेकंदांत ब्रेकर पडतो: ड्रूपची सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, उलटी आहे, किंवा ड्रूपच नाही.
- काटा सतत इकडून तिकडे डोलतो, दिवे लपलपतात: व्होल्टेज सांभाळणाऱ्या एव्हीआरची स्टॅबिलिटी, नाहीतर इंजिनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर.
- फक्त कमी लोडवर, रात्रपाळीला किंवा जेवणाच्या सुट्टीत होतं: कपॅसिटर बँक.

एव्हीआर नेमकं काय करतो

एवढं समजून घेतल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. एव्हीआर अल्टरनेटरच्या टर्मिनलचं व्होल्टेज मोजतो, आपल्या ठरलेल्या आकड्याशी ताडून बघतो, आणि कमी भरलं तर एक्सायटरच्या स्थिर फील्डमध्ये थोडा जास्त डीसी करंट सोडतो. एक्सायटरचा आर्मेचर रोटरच्या शाफ्टवरच फिरतो. त्यात तयार झालेला एसी, शाफ्टवरच बसवलेल्या सहा डायोडमधून डीसी होतो आणि मुख्य रोटरला मिळतो. रोटरचं चुंबकत्व वाढलं की टर्मिनलचं व्होल्टेज वाढतं. सेट एकटा चालत असेल तर गोष्ट इथेच संपते.

पॅरललमध्ये मात्र दोन्ही सेटचं व्होल्टेज एकच, कारण बस एकच. आता एका सेटचं एक्सायटेशन वाढवलं तर बसचं व्होल्टेज जेमतेम हलतं, पण त्या सेटवरचे केव्हीएआर वाढतात आणि दुसऱ्यावरचे तेवढेच कमी होतात. किलोवॅट मात्र डिझेलवर, म्हणजे गव्हर्नरवर ठरतात. एव्हीआर कितीही फिरवला तरी किलोवॅटची वाटणी बदलत नाही. गव्हर्नर आणि एव्हीआर या दोन चाव्या वेगळ्या आहेत, आणि चुकीची चावी फिरवत बसणं हा या तक्रारीतला सगळ्यात मोठा वेळखाऊ प्रकार आहे.

अडचण अशी की दोन एव्हीआर एकाच बसचं व्होल्टेज मोजतात आणि दोघांनाही आपलाच आकडा बरोबर वाटतो. एकाला ४१५ हवेत, दुसऱ्याला ४१६. दुसरा एक्सायटेशन वाढवत राहतो, पहिला कमी करत राहतो. दोघांनी मिळून टेबल उचलावं आणि प्रत्येकाने आपली कड आपल्याच ठरलेल्या उंचीवर अडून धरावी, तसं हे. ज्याची उंची केसभर जास्त, त्याच्या हातावर सगळं वजन. यावर उपाय म्हणजे ड्रूप: केव्हीएआर वाढले की एव्हीआरने स्वतःहून थोडं कमी व्होल्टेज मान्य करायचं. जास्त ओझं घेणारा सेट मग आपोआप मागे येतो आणि वाटणी एका ठरावीक जागी स्थिरावते.

हा ड्रूप देण्यासाठी अल्टरनेटरच्या एका फेजवर छोटी सीटी बसवलेली असते. दोन वायरींवर व्होल्टेज मोजणाऱ्या एव्हीआरमध्ये सेन्सिंग ज्या दोन फेजवर असतं, त्या सोडून तिसऱ्या फेजवर ही सीटी असते, आणि त्यामागे हिशेब आहे. तिसऱ्या फेजचा करंट युनिटी पॉवर फॅक्टरला त्या सेन्सिंग व्होल्टेजशी काटकोनात असतो, म्हणून मोजलेल्या व्होल्टेजवर त्याचा परिणाम नगण्य. करंट लॅगिंग होऊ लागला की तो त्या व्होल्टेजच्या दिशेने वळतो आणि त्यात मिसळतो. एव्हीआरला वाटतं व्होल्टेज जास्त झालं, तो एक्सायटेशन कमी करतो. किलोवॅटला दाद नाही, केव्हीएआरला दाद आहे, अशी ही साधी आणि हुशार जोडणी आहे.

पहिली तपासणी: कागद, पेन आणि किलोवॅट

खर्च शून्य. दोन्ही सेटचे किलोवॅट, केव्हीएआर, अँपिअर, पॉवर फॅक्टर, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी एकाच वेळी लिहून घ्या. लोड वेगवेगळा असताना तीन वेळा घ्या. किलोवॅटच सारखे नसतील तर इथेच थांबा, आधी गव्हर्नर आणि लोड शेअरिंग जुळवा. किलोवॅट जुळलेले नसताना अँपिअर आणि पॉवर फॅक्टरवरून काहीच कळत नाही. मग लोक एव्हीआरचा पॉट, म्हणजे सेटिंगचा छोटा स्क्रू, फिरवतात आणि एका बिघाडाचे दोन करून ठेवतात.

फ्रिक्वेन्सीही याच वेळी बघा. बहुतेक एव्हीआरमध्ये वेग कमी झाला की व्होल्टेज मुद्दाम खाली आणणारं संरक्षण असतं. ५० हर्ट्झच्या सेटला ते साधारण ४७ हर्ट्झच्या आसपास लागू होतं, आणि बऱ्याच एव्हीआरवर त्यासाठी एक लाल दिवा असतो. एखाद्याचं ते सेटिंग चुकून ४९.५ वर गेलं असेल तर लोड येताच तो सेट व्होल्टेज सोडतो आणि केव्हीएआर दुसऱ्यावर जातात. दिवा लागलेला दिसला तर डिझेल फिल्टर, गव्हर्नर, वेग बघा. एव्हीआर बिचारा आपलं काम करतोय.

दुसरी तपासणी: कपॅसिटर बंद करून बघा

केव्हीएएचवर बिल येऊ लागल्यापासून प्रत्येक कारखान्यात भरपूर कपॅसिटर बसलेत. वीज मंडळाच्या सप्लायवर ते ठीक. पण ते कपॅसिटर आपोआप लावणारा-काढणारा एपीएफसी पॅनेल डीजीवरही चालू राहिला आणि लोड कमी झाला, तर सेटवर लीडिंग केव्हीएआर येतात. तेव्हा कपॅसिटरच अल्टरनेटरला व्होल्टेज पुरवू लागतात, एव्हीआर एक्सायटेशन कमी करत करत तळाला जातो, आणि तळाला गेला की त्याच्या हातात काही उरत नाही. व्होल्टेज मग मनाला येईल तसं वर चढतं. अल्टरनेटर लॅगिंगमध्ये भरपूर सोसतो, लीडिंगमध्ये फारच थोडं.

एपीएफसी मॅन्युअलवर घेऊन सगळ्या बँक उतरवा आणि पुन्हा रीडिंग घ्या. घोळ गेला तर उपाय एका इंटरलॉकचा आहे: डीजीचा ब्रेकर लागला की एपीएफसी बंद. वायरमन अर्ध्या दिवसात करून देतो. कपॅसिटर उतरवूनही फरक तसाच असेल तर पुढे.

तिसरी तपासणी: नो-लोड व्होल्टेज एकाच मीटरने

पॅनेलवरचे दोन मीटर दोन-तीन व्होल्टने वेगळे असणं नेहमीचं आहे, आणि इथे दोन-तीन व्होल्टच सगळा खेळ करतात. म्हणून एकच चांगला मल्टिमीटर घ्या. पहिला सेट एकटा, लोडशिवाय, ५० हर्ट्झवर दहा-पंधरा मिनिटं चालवा, फेज-टू-फेज व्होल्टेज लिहा. मग दुसरा सेट तसाच. गरम आणि थंड सेटची तुलना करू नका, आणि वेग वेगळा ठेवून तर अजिबात नाही. फरक निघाला तर तो पॅरललला नव्हे, एकटा सेट चालवूनच व्होल्टेज पॉटने काढा. पॅरललमध्ये पॉट फिरवला की केव्हीएआर सरकतात, वाटणी बरोबर दिसते, पण त्या क्षणाच्या लोडपुरतीच. ड्रूप कमी-जास्त असेल तर लोड बदलताच ती पुन्हा बिघडते, आणि हीच तक्रार महिन्याभरात परत येते.

पॅनेलच्या दारावर व्होल्टेज ट्रिमर असेल तर तो एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवून बघा. आतला ट्रॅक झिजलेला असला तर मध्येच व्होल्टेज उडी मारतं. दार रोज उघडझाप होतं, त्यामुळे तिथली वायर लग्जपाशी तुटते, वरून मात्र धडधाकट दिसते. काही नव्या पॅनेलमध्ये कंट्रोलरच एव्हीआरला बायस सिग्नल देऊन केव्हीएआर वाटतो. तिथे त्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर बायस आउटपुट बघा. तो टोकाला जाऊन अडकला असेल तर मूळ सेटिंग इतकं लांब आहे की कंट्रोलर ते ओढून आणू शकत नाही. अशा वेळी बायस काढून आधी नो-लोड व्होल्टेज जुळवा, मग बायस परत जोडा.

चौथी तपासणी: ड्रूप किती आहे आणि आहे का

एका कारखान्यातलं उदाहरण घेऊ, सेट वर धरले तेच. एकूण लोड ४८० किलोवॅट, ३६० केव्हीएआर. नीट वाटणी झाली असती तर प्रत्येकावर २४० किलोवॅट, १८० केव्हीएआर आणि ४१७ अँपिअर. प्रत्यक्षात पहिल्यावर २४० किलोवॅट, ३२५ केव्हीएआर, ५६२ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.५९. दुसऱ्यावर २४० किलोवॅट, ३५ केव्हीएआर, ३३७ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.९९. नो-लोड व्होल्टेज मोजलं तर पहिल्याचं दुसऱ्यापेक्षा ४ व्होल्टने जास्त. ऑपरेटरचा प्रश्न रास्त होता: ४१५ मध्ये ४ व्होल्ट, म्हणजे एक टक्काही नाही, त्याने एवढा फरक कसा पडेल?

उत्तर ड्रूपमध्ये होतं. दोन्ही सेटचा ड्रूप फक्त १ टक्का निघाला. म्हणजे पूर्ण ३०० केव्हीएआरवर व्होल्टेज ४.१५ व्होल्टने उतरणार. दोन्ही सेटचं व्होल्टेज बसवर एक व्हायला हवं, म्हणून नो-लोडमधला ४ व्होल्टचा फरक भरून काढायला केव्हीएआरमध्ये फरक पडावाच लागतो, आणि Q म्हणजे केव्हीएआर, V म्हणजे नो-लोड व्होल्टेज धरलं तर तो असा निघतो:

```
Q1 − Q2 = (V1 − V2) × 300 / (ड्रूप व्होल्ट)
ड्रूप १%:  4 × 300 / 4.15  = 289 kVAr
ड्रूप ३%:  4 × 300 / 12.45 =  96 kVAr
```

१८० च्या दोन्ही बाजूंना २८९ चा निम्मा भाग घाला: ३२५ आणि ३५. मीटरवर होते तेच आकडे. या सूत्रात लोड कुठेच नाही, हेही लक्षात घ्या. लोड शून्य असतानाही हे सेट १४५ केव्हीएआर एकमेकांत फिरवत होते, म्हणजे दोनशे अँपिअर, उगाच. आणि लोड ६०० किलोवॅट, ४५० केव्हीएआरवर गेला की पहिल्या सेटवर ३७० केव्हीएआर आणि ६६३ अँपिअर येणार. दोन्ही इंजिनं ७५ टक्क्यांवर आरामात, पण पहिल्या अल्टरनेटरचा रोटर त्याच्या पूर्ण करंटच्या जवळपास पोचलेला. डिझेल शिल्लक आहे आणि सेट मात्र घायकुतीला आलाय, असं दिसतं ते यामुळे.

दोन्ही सेटचा ड्रूप ३ टक्क्यांवर नेला तेव्हा तेच ४ व्होल्ट असूनही वाटणी २२८ आणि १३२ झाली. मग नो-लोड व्होल्टेज जुळवलं आणि उरलेला फरक गेला. ३ टक्के हे माझं नेहमीचं सेटिंग आहे. त्याहून फार वाढवलं तर पूर्ण लोडवर व्होल्टेज जास्त उतरतं आणि लांबच्या मोटारी कुरकुरतात. ३ टक्क्यांवरही पूर्ण लोडला साडेबारा व्होल्ट जातात, म्हणून नो-लोड व्होल्टेज दोन्हीकडे सारखंच ४२० ठेवलं तर सोयीचं. ड्रूप दोन्ही सेटवर समान हवा, हे विसरू नका. एकाचा २ आणि दुसऱ्याचा ४ असेल तर एखाद्या ठिकाणी वाटणी जुळेल आणि लोड हलला की सुटेल.

आता ड्रूप प्रत्यक्ष किती आहे हे कसं कळणार? पॉटवरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. सेट एकटा चालवा, त्यावर कारखान्याचा मोटारींचा लोड निम्म्यापर्यंत आणा. ड्रूप पॉट सध्या कुठे आहे त्याची मार्करने खूण करून ठेवा, मग तो शून्यावर नेऊन व्होल्टेज लिहा, आणि हळूहळू वाढवत जा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

व्होल्टेज उतरत गेलं तर सगळं ठीक. २४० किलोवॅट, १८० केव्हीएआरवर शून्य ड्रूपपेक्षा साडेसात व्होल्ट कमी झालं, की तो ३ टक्के ड्रूप. व्होल्टेज हललंच नाही तर सीटीचा करंट एव्हीआरपर्यंत पोचत नाही: वायर तुटली आहे, किंवा एस१ आणि एस२ टर्मिनलवर शॉर्टिंग लिंक तशीच राहिली आहे. सेट एकटा चालवण्यासाठी ही लिंक लावतात आणि नंतर काढायचं विसरतात. आणि व्होल्टेज चढत गेलं, तर सीटी उलटी आहे.

ही चाचणी मोटारींच्या लोडवरच करा. हीटरच्या किंवा पाण्याच्या लोड बँकवर करून "ड्रूप चालत नाही" म्हणून एव्हीआर बदलायला काढलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. त्या लोडला केव्हीएआर नसतातच, तर ड्रूप दिसणार कसा? उलट, हीटरच्या लोडवरच व्होल्टेज ठळकपणे हललं तर सीटी चुकीच्या फेजवर बसली आहे असं समजा.

पाचवी तपासणी: उलटी सीटी

सेट ओव्हरहॉलला जाऊन आला, रिवाइंडिंग झालं, केबल नव्या ग्लँडमधून घेतली, एव्हीआर बदलला, आणि पॅरललला घेताच ब्रेकर पडू लागला: ही हकिगत ऐकली की मी आधी सीटी धरतो. सीटीच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की ड्रूपचा अर्थच उलटतो. केव्हीएआर वाढले की एव्हीआर आणखी एक्सायटेशन देतो, त्याने आणखी केव्हीएआर येतात, आणि काही सेकंदांत एक सेट सगळं ओढतो, दुसरा लीडिंगमध्ये ढकलला जातो. एकटा चालताना मात्र हा सेट अगदी शहाण्यासारखा वागतो, लोडवर व्होल्टेज थोडं चढतं एवढंच. त्यामुळे वर्कशॉपच्या टेस्टमध्ये तो पास होऊन येतो.

सीटीच्या वायरी जागेवर असूनही हेच होऊ शकतं, कारण दोन वायरींवर सेन्सिंग असलेल्या एव्हीआरला त्या दोन सेन्सिंग वायरी उलटवल्या तरी परिणाम तोच. म्हणून दोन्ही सेट सारखे असतील तर बरोबर काम करणाऱ्या सेटचा एव्हीआर उघडून वायरींचे नंबर एकेक करून ताडा. दुरुस्ती म्हणजे एस१ आणि एस२ वरच्या वायरी अदलाबदल करणं, पाच मिनिटांचं काम.

पण ते काम सेट पूर्ण बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, सुरू होणार नाही याची खात्री करूनच. चालू लोडवर सीटीची सेकंडरी कधीही उघडायची नाही. करंट वाहत असताना ती उघडली तर टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येतं, आणि सीटीही जळते. अदलाबदल झाल्यावर पुन्हा वरची एकट्या सेटची चाचणी करा. ती पास झाल्याशिवाय सिंक्रोनाइझ करू नका.

सहावी: डोलणारा काटा आणि न्यूट्रलचा करंट

काटा डोलत असेल तर प्रत्येक सेट एकटा चालवून बघा. एकटाही डोलत असेल आणि फ्रिक्वेन्सीही त्याच तालात डोलत असेल तर दोष इंजिनचा. फ्रिक्वेन्सी स्थिर आणि व्होल्टेजच डोलत असेल तर एव्हीआरचा स्टॅबिलिटी पॉट थोडा थोडा फिरवून बघा, आधी खूण करून. दोन्ही एकटे स्थिर आणि पॅरललमध्येच डोलतात, तर ड्रूप फार कमी असण्याची शक्यता मोठी, मागे जा.

न्यूट्रलचं मात्र वेगळं आहे. दोन वेगवेगळ्या बनावटीचे अल्टरनेटर जोडले आणि त्यांच्या वाइंडिंगचा पिच वेगळा असला, तर दोघांच्या न्यूट्रलमधून तिसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे १५० हर्ट्झचा करंट फिरतो. क्लॅम्प मीटर न्यूट्रलवर लावा. लोड नसताना तिथे भरपूर करंट दिसला तर एव्हीआरला हात लावू नका, कारण एक्सायटेशनने तो जाणार नाही. एका सेटचा न्यूट्रल उघडा ठेवणं हा त्यावरचा एक मार्ग आहे, पण अर्थिंग आणि संरक्षण बघून तो ठरवण्याचं काम लायसन्सधारक इंजिनिअरचं.

सातवी, आणि इथे बहुतेकांनी थांबायचं

इथपर्यंत सगळं बरोबर असूनही एक सेट मागे पडत असेल, तर एक्सायटरकडे संशय जातो. सारखे सेट असण्याचा फायदा इथे आहे. दोन्ही एकेकटे, नो-लोड, सारख्या व्होल्टेजवर चालवून एव्हीआर एक्सायटर फील्डला देतो ते डीसी व्होल्टेज मोजा. एकाला दुसऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त लागत असेल तर शाफ्टवरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो. उघडा पडलेला डायोड असेल तर सेट नो-लोडवर व्होल्टेज देतो, पण लोडवर एव्हीआर लवकर आपल्या कमाल मर्यादेला जातो. शॉर्ट झालेला डायोड असेल तर फील्डचा करंट खूपच वाढतो आणि एव्हीआरचं संरक्षण एक्सायटेशन काढून घेतं.

हे मोजताना टर्मिनल बॉक्स उघडा असतो, आत ४१५ व्होल्ट असतात आणि बाजूला फिरता शाफ्ट. सवय नसेल तर मोजूच नका. आणि पुढच्या गोष्टींसाठी अल्टरनेटरच्या सर्व्हिस इंजिनिअरलाच बोलवा: डायोड बदलणं, रोटर किंवा एक्सायटरचं वाइंडिंग तपासणं, सीटी दुसऱ्या फेजवर हलवणं, जळका वास किंवा एका फेजचं व्होल्टेज वेगळं येणं, एव्हीआर बदलूनही तोच दोष राहणं. दुसरा एव्हीआर लागोपाठ जळला तर तिसरा लावू नका, आधी फील्डचं वाइंडिंग तपासून घ्या. कुणी इन्सुलेशन तपासायचा मेगर घेऊन आलं तर एव्हीआरच्या वायरी काढल्याशिवाय आणि डायोड शॉर्ट केल्याशिवाय मेगर लावू देऊ नका, चांगला एव्हीआर त्या एका बटणात जातो.

सेट वीज मंडळाच्या सप्लायशी पॅरलल चालवायचा असेल, साखर कारखान्याच्या को-जनरेशनसारखा, तर वरचं ड्रूपचं गणित पुरत नाही. बसचं व्होल्टेज तिथे ग्रिड ठरवतं, ते दिवसभर खालीवर होतं, आणि प्रत्येक व्होल्टमागे केव्हीएआर भरकटतात. तिथे एव्हीआरवर पॉवर फॅक्टर किंवा व्हीएआर कंट्रोलर लागतो, आणि एक्सायटेशन गेल्याचं ओळखणारा रिले चालू असायलाच हवा. त्याचं सेटिंग स्वतः करू नका.

सर्व्हिसवाल्याला बोलावताना पहिल्या तपासणीतला तो कागद, दोन्ही एव्हीआरचा मॉडेल नंबर, पॉटच्या मूळ जागांचे फोटो आणि एकट्या सेटच्या ड्रूप चाचणीचे आकडे हाताशी ठेवा. फोनवरच अर्धं काम होतं, आणि बरोबर सुटा भाग घेऊन माणूस एकाच फेरीत येतो.